विश्लेषण : ‘गायब’ होणारे संदेश खरोखर गायब होतात का? मुदत संपल्यावर ते परत मिळवता येतात का?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बडय़ा मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी येमेनमधील हुथी बंडखोरांवरील हल्ल्यांची चर्चा ‘सिग्नल’ या ॲपवरील एका ग्रुपमध्ये केली. तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्याकडून त्या ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांचाही समावेश झाला होता. गोल्डबर्ग यांनी २४ मार्चला ही गोष्ट प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या लेखात एक तांत्रिक तपशील होता. वॉल्ट्झ यांनी ग्रुपमधील काही संदेश एका आठवडय़ाने, तर काही चार आठवडय़ांनी आपोआप नाहीसे होतील अशी मुदत लावली होती. त्यामुळे पुढे न्यायालयात प्रश्न उभा राहिला, की आता कोणाच्या फोनमध्ये नेमके काय शिल्लक आहे? हाच प्रश्न व्हॉट्सॲपवर २४ तासांची मुदत लावलेल्या चॅटमध्ये घरभाडे, उसनवारी किंवा नोकरीबाबत बोलणी करणाऱ्या कोणापुढेही येऊ शकतो.

मुदतीचे घडय़ाळ नेमके कोठे असते?

बहुतेकांची समजूत अशी असते, की कंपनीच्या सर्व्हरवर कोठेतरी घडय़ाळ चालू असते आणि वेळ भरली, की सर्व्हर सर्व फोनना ‘पुसा’ असा आदेश धाडतो. प्रत्यक्षात व्हॉट्सॲप किंवा सिग्नलमध्ये असा आदेश येत नाही. संदेश पाठवणाऱ्याचे ॲप त्या संदेशासोबतच मुदतीचा आकडा बांधून पाठवते. हा आकडा सेकंदांत असतो. २४ तासांसाठी ८६,४००, सात दिवसांसाठी ६,०४,८०० आणि ९० दिवसांसाठी ७७,७६,०००. संदेशाचा मजकूर आणि हा आकडा दोन्ही एकाच कुलूपबंद पाकिटात, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये जातात. पाकीट उघडल्यावर समोरच्याचे ॲप संदेशाबरोबर त्याची ‘अंतिम वेळ’ आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवते आणि ती वेळ उलटली, की स्वत:च ती नोंद काढून टाकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, संदेश पुसण्याचे काम प्रत्येक फोन स्वतंत्रपणे करतो. पाठवणाऱ्याचा फोन, घेणाऱ्याचा फोन, त्याला जोडलेला लॅपटॉप, ग्रुपमधील उरलेल्या ३० जणांचे फोन, प्रत्येक ठिकाणी वेगळे घडय़ाळ असते. दुसरी, ॲप चालले तरच पुसण्याचे काम होते. बंद करून कपाटात ठेवलेल्या फोनमध्ये मुदत उलटलेला संदेशही डेटाबेसमध्ये तसाच पडून राहतो. फोन सुरू होऊन ॲपला संधी मिळाली, की मग तो जातो.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ हे याच्या उलट आहे. तेथे पाठवणाऱ्याकडून खरोखरच पुसण्याची सूचना नेटवर्कवरून येते. म्हणूनच जप्त केलेला फोन तपास अधिकारी फ्लाइट मोडवर टाकतात किंवा लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात. त्यामुळे बाहेरून येणारी सूचना अडते, पण मुदतीचे घडय़ाळ अडत नाही. कारण ते फोनच्या आतच आहे.

मोजणी कधीपासून सुरू होते?

येथे दोन ॲपमध्ये महत्त्वाचा फरक आहे. व्हॉट्सॲपवर मोजणी संदेश पाठवल्याच्या क्षणापासून सुरू होते. समोरच्याने तो वाचला की नाही याच्याशी मुदतीचा संबंध नाही. सोमवारी सकाळी सव्वादहाला २४ तासांच्या चॅटमध्ये पाठवलेला संदेश मंगळवारी सव्वादहाला जातो, मग घेणारा दिवसभर प्रवासात असला तरी. त्याने ॲप उघडलेच नाही, तर नोटिफिकेशनमध्ये त्या संदेशाची ओळ मात्र दिसत राहू शकते.

सिग्नलवर पाठवणाऱ्याच्या फोनमधील मोजणी पाठवल्यापासून, तर घेणाऱ्याच्या फोनमधील मोजणी संदेश वाचल्यापासून सुरू होते. म्हणजे ग्रुपमधील पाच जणांनी एक संदेश पाच वेगवेगळय़ा वेळी वाचला, तर तो पाच वेगवेगळय़ा वेळी जाईल. ज्याने वाचलाच नाही, त्याच्याकडे तो न वाचलेला म्हणून शिल्लक राहील. सिग्नलवर मुदत काही सेकंदांपासून चार आठवडय़ांपर्यंत ठेवता येते. व्हॉट्सॲपने ही सोय नोव्हेंबर २०२० मध्ये फक्त सात दिवसांच्या मुदतीने आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये २४ तास व ९० दिवस हे पर्याय जोडले.

दोन्हीकडे एक नियम सारखा आहे. मुदत बदलली, तर ती पुढच्या संदेशांना लागू होते. आधीचे संदेश आपल्या जुन्या मुदतीनेच जातात, किंवा मुदत नव्हतीच तर जात नाहीत. त्यामुळे एकाच चॅटमध्ये काही संदेश आठवडय़ाने आणि काही महिन्याने जाणारे असू शकतात. वॉल्ट्झ यांच्या ग्रुपमध्ये नेमके तेच झाले.

त्या ग्रुपचे काय उरले?

तारखा जुळवून पाहिल्या, तर मुदतीची गंमत कळते. येमेनवरील हल्ले १५ मार्चला झाले. त्या दिवशी वाचलेला आणि एका आठवडय़ाची मुदत असलेला संदेश २२ मार्चला गेला. ‘द अटलांटिक’चा लेख त्यानंतर दोन दिवसांनी आला. ‘अमेरिकन ओव्हरसाइट’ या संस्थेने सरकारी अभिलेख जपण्यासाठी २५ मार्चला दावा दाखल केला आणि न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ११ ते १५ मार्चदरम्यानचे संदेश जपून ठेवण्याचा आदेश २७ मार्चला दिला. म्हणजे आठवडय़ाची मुदत असलेले आणि लगेच वाचलेले संदेश आदेशाच्या पाच दिवस आधीच फोनमधून गेलेले असणार. चार आठवडय़ांच्या मुदतीचे संदेश १२ एप्रिलपर्यंत टिकायला हवे होते, पण तेही कोणी वेळेत स्क्रीनशॉट काढून जपले तरच. न्यायालयाचा आदेश आला म्हणून फोनमधील घडय़ाळ थांबत नाही.

पुढे सीआयएच्या वतीने न्यायालयाला सांगण्यात आले, की संस्थेचे संचालक जॉन रॅटक्लिफ यांच्या फोनमधील त्या ग्रुपचा स्क्रीनशॉट मार्चअखेरीस घेतला, तेव्हा त्यात ग्रुपचे नाव व सेटिंगविषयक काही नोंदी होत्या, चर्चेचा मजकूर नव्हता. ते संदेश मुदतीमुळे गेले की हाताने पुसले गेले, हे अशा रिकाम्या पडद्यावरून ठरत नाही. मजकूर जगासमोर आला तो गोल्डबर्ग यांच्याकडील स्क्रीनशॉटमधून. फोनच्या पोटातून कोणी काही उकरून काढले नाही, एका सदस्याने मुदतीच्या आत प्रत करून ठेवली होती, एवढेच.

मुदत संपली, की फोनमध्ये काय घडते?

व्हॉट्सॲपचे सारे संदेश अँड्रॉइड फोनमध्ये `msgstore.db` या एका फाइलमध्ये असतात. आयफोनमध्ये तिचे नाव `ChatStorage.sqlite` आहे. दोन्ही फाइल ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेस पद्धतीच्या आहेत. अशी फाइल म्हणजे ठरावीक आकाराच्या पानांची वही समजावी. प्रत्येक पानावर अनेक नोंदी असतात. मुदत संपली, की ॲप डेटाबेसला ‘ही नोंद काढ’ असे सांगते.

आता एसक्यूलाइटच्या मूळ रचनेत नोंद काढणे म्हणजे अक्षरे खोडणे नव्हे. डेटाबेस फक्त ‘ही जागा आता रिकामी’ अशी खूण करतो. जुनी अक्षरे तेथेच असतात आणि पुढे एखादी नवी नोंद त्याच जागेवर लिहिली गेली, की मगच ती झाकली जातात. संपूर्ण पान रिकामे झाले, तर ते ‘मोकळय़ा पानांच्या यादी’त जाते, तेही मजकुरासह. सुरक्षा संशोधक जोनाथन झ्डिझियार्स्की यांनी २०१६ मध्ये आयफोनवरील व्हॉट्सॲपबाबत हेच दाखवले होते. चॅट पुसल्यावरही नोंदींचे अवशेष डेटाबेसमध्ये राहतात, असे त्यांना आढळले.

यावर उपायही एसक्यूलाइटमध्येच आहे. एक सूचना देऊन ठेवली, की काढलेल्या नोंदीच्या जागी लगेच शून्ये लिहिली जातात :

```
PRAGMA secure_delete = ON;
```

ही सूचना चालू असेल, तर डेटाबेसच्या मुख्य फाइलमध्ये मागे अक्षरे राहत नाहीत. मात्र मुख्य फाइलच्या शेजारी आणखी एक फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी `-wal` असे येते. नवे बदल आधी या कच्च्या वहीत लिहिले जातात आणि काही काळाने मुख्य वहीत उतरवले जातात. त्या कच्च्या वहीत एखाद्या पानाचे जुने रूप, म्हणजे संदेश असतानाचे रूप, काही काळ सापडू शकते. मात्र व्हॉट्सॲप रोज वापरणाऱ्याच्या फोनमध्ये ही फाइल भराभर पुन:पुन्हा लिहिली जाते. ग्रुपमधील सुप्रभातचे संदेशही जुन्या मजकुरावर माती टाकत असतात. म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ पहिली सूचना देतात ती फोन वापरणे थांबवण्याची.

एक खूण मात्र मजकूर गेल्यानंतरही राहते. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक मिळतो. ४,५१० नंतर थेट ४,५१८ आला, तर मधल्या सात नोंदी कधीकाळी होत्या, हे दिसते. त्या काय होत्या, हे क्रमांक सांगत नाही. मधली नोंद संदेशच होती, असेही नाही. तपासात ही खूण ‘येथे काहीतरी होते’ एवढेच सांगण्यासाठी उपयोगी पडते.

मग संगणकाच्या हार्ड डिस्कप्रमाणे ‘रिकव्हर’ का करता येत नाही?

जुन्या हार्ड डिस्कवरून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डवरून पुसलेले फोटो परत मिळाल्याचा अनुभव अनेकांना असतो. फोनच्या अंतर्गत साठवणीत ते जमत नाही, याचे कारण एन्क्रिप्शन. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल वेगळय़ा किल्लीने कुलूपबंद ठेवणे बंधनकारक आहे. आयफोनमध्येही फाइलगणिक किल्ली असते. फाइल गेली, की तिची किल्लीही जाते. चिप काढून तिच्यावरील सगळे आकडे वाचले, तरी हाती निरर्थक गोंधळ येतो. म्हणूनच ‘फोनची चिप काढून सगळे परत मिळवू’ हा दावा आजच्या फोनबाबत गल्ल्यावरच्या गप्पांपलीकडे जात नाही.

तज्ज्ञ करतात ते वेगळे. त्यांना सुरू असलेला, पासवर्ड माहीत असलेला किंवा उघडता येणारा फोन लागतो. त्यातून खास उपकरणांनी ॲपच्या खासगी कप्प्यासह संपूर्ण फाइल-रचनेची प्रत घेतली जाते आणि मग वर सांगितलेल्या मोकळय़ा पानांत व कच्च्या वहीत शोध घेतला जातो. सिग्नलबाबत हा रस्ता आणखी अरुंद आहे, कारण त्याचा डेटाबेस स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट केलेला असतो.

बॅकअपमध्ये संदेश असतो का? एक उदाहरण

सर्वाधिक गैरसमज बॅकअपबाबत आहेत. समजा, एका भाडेकरूने घर सोडले आणि घरमालकाने सोमवारी सकाळी १०.१५ वाजता त्याला व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘डिपॉझिटचे साठ हजार पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला देतो.’ चॅटवर २४ तासांची मुदत आहे, हे भाडेकरूच्या लक्षात नाही. मंगळवारी सकाळी १०.१५ वाजता संदेश गेला. गुरुवारी घरमालक म्हणतो, ‘मी असे काही म्हणालोच नव्हतो.’ आता भाडेकरूकडे काय आहे?

अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप फाइल बनवते. मंगळवारी पहाटे दोनला ती बनली, तेव्हा संदेश जिवंत होता. म्हणजे तो त्या फाइलमध्ये आहे. बुधवारी पहाटेच्या फाइलमध्ये तो नाही. फोन अशा साधारण सात दिवसांच्या फाइल ठेवतो आणि जुनी फाइल मागे सरकताना तिच्या नावात तारीख येते, उदाहरणार्थ `msgstore-2025-06-03.1.db.crypt15`. म्हणजे गुरुवारी मंगळवारची फाइल फोनमध्ये असायला हवी आणि पुढच्या मंगळवारच्या आसपास ती जाईल. गुगल खात्यावरील बॅकअपचे तसे नाही. तेथे नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो. रोजचा बॅकअप चालू असेल, तर गुरुवारी तेथे संदेश नाही.

आता भाडेकरूने आशेने ॲप काढून पुन्हा टाकले आणि मंगळवारच्या फाइलमधून सगळे परत आणले, तरी तो संदेश दिसणार नाही. कारण बॅकअपमध्ये संदेशाबरोबर त्याची अंतिम वेळही असते. परत आणताना मुदत उलटलेले संदेश व्हॉट्सॲप काढून टाकते, हे कंपनीनेच स्पष्ट केले आहे. उलट या खटाटोपात फोनमधला सध्याचा डेटाबेस आणि त्यातील उरलेसुरले अवशेषही जातात.

मात्र फाइलमध्ये संदेश आहे, हे खरेच आहे. ती फाइल ॲपबाहेर उलगडली, तर तो वाचता येतो. त्यासाठी किल्ली लागते. एंड-टू-एंड बॅकअप चालू करताना ६४ अंकी किल्ली निवडली असेल, तर ती वापरकर्त्याकडे असते. अन्यथा किल्ली ॲपच्या खासगी कप्प्यात असते आणि तेथे सामान्य वापरकर्त्याला पोहोचता येत नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळेला फोन उघडून दिला तर पोहोचता येते. म्हणून या भाडेकरूने गुरुवारी करण्यासारखी गोष्ट एकच. ॲपला हात न लावता फोन संगणकाला जोडून `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` हे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करून ठेवणे. साठ हजारांच्या वादात प्रयोगशाळेची गरज पडेल की नाही, हे नंतर ठरेल. पण फाइल गेली, तर तो पर्यायच राहणार नाही.

त्याचा लॅपटॉप व्हॉट्सॲपला जोडलेला असेल आणि तो सोमवारी संध्याकाळपासून बंद असेल, तर त्यातही संदेशाची प्रत आहे. लॅपटॉप सुरू करून व्हॉट्सॲप उघडले, की ती जाईल. इंटरनेट बंद ठेवून उघडल्यानेही ती वाचेल असे नाही, कारण वेळ पाहून पुसणारे ॲप लॅपटॉपमध्येच आहे.

तज्ज्ञांशिवाय कोणत्या प्रती सापडतात?

व्यवहारात गायब झालेले संदेश परत मिळतात ते बहुधा साध्या जागांवरून. पहिली जागा, उद्धृत करून दिलेले उत्तर. भाडेकरूने मंगळवारी सकाळी नऊला घरमालकाचा संदेश धरून ‘ठीक आहे काका’ असे लिहिले असेल, तर त्या उत्तरावरच्या चौकटीत मूळ मजकूर राहतो. पण उत्तरालाही २४ तासांचीच मुदत आहे. तेही बुधवारी सकाळी नऊला जाते. म्हणजे एका दिवसाची मुदतवाढ मिळते, कायमची नाही.

दुसरी जागा, पुढे पाठवलेली प्रत. त्याने तो संदेश पत्नीला फॉरवर्ड केला असेल आणि त्यांच्या चॅटवर मुदत नसेल, तर तो तेथे तसाच राहतो. त्यातली उणीव अशी, की फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ पाठवणाऱ्याचे नाव नसते. मजकूर मिळतो, तो कोणाचा होता, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

तिसरी जागा, फोनची गॅलरी. फोटो व व्हिडीओ आपोआप डाऊनलोड होऊन गॅलरीत जात असतील, तर चॅटमधून गेल्यावरही ते गॅलरीत राहतात. घरमालकाने पाठवलेला सही केलेल्या कागदाचा फोटो याच कारणाने सापडू शकतो.

चौथी जागा, नोटिफिकेशनची नोंद. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ हा पर्याय आहे. तो आधीपासून चालू केलेला असेल, तरच त्यात मजकूर सापडतो आणि तोही गेल्या २४ तासांतला. गुरुवारी तेथे सोमवारचा संदेश नाही. गेल्यानंतर हा पर्याय चालू केल्याने मागचे काही येत नाही.

याशिवाय एप्रिल २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये ‘कीप इन चॅट’ ही सोय आहे. मुदतीच्या आत संदेश दाबून धरला, की तो राखून ठेवता येतो. मात्र पाठवणाऱ्याला त्याची सूचना जाते आणि तो नकार देऊ शकतो. त्याचा नकार अंतिम असतो. त्यामुळे वादाच्या प्रसंगी या सोयीवर विसंबता येत नाही. स्क्रीनशॉटचे तसे नाही. मुदतीच्या साध्या संदेशांचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप अडवत नाही. अडवते ते फक्त ‘व्ह्यू वन्स’ म्हणून पाठवलेल्या फोटो-व्हिडीओंचा.

कंपनीकडे मागितले तर?

व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोहोचलेले संदेश ठेवले जात नाहीत. न पोहोचलेला संदेश ३० दिवसांपर्यंत कुलूपबंद अवस्थेत थांबतो आणि मग काढला जातो. त्या कुलपाची किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनकडे असते. त्यामुळे पोलिसांनी रीतसर मागणी केली, तरी कंपनीकडून खात्याची माहिती मिळू शकते, जुन्या संदेशाचा मजकूर नाही.

‘डिलीट झालेले मेसेज परत मिळवा’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपचे रहस्यही येथेच आहे. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या खासगी कप्प्यात डोकावता येत नाही. ही ॲप नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी मागतात आणि ती मिळाल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नोटिफिकेशनची नक्कल ठेवतात. टाकण्यापूर्वी गेलेला एकही संदेश त्यांना मिळत नाही. शिवाय नोटिफिकेशनमध्ये बँकेचे ओटीपीही येतात, तेही या ॲपच्या हाती जातात. ‘तज्ज्ञ’ म्हणून फोनवरून बोलणारा कोणी स्क्रीन शेअर करणारे ॲप टाकायला किंवा व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड द्यायला सांगत असेल, तर त्याला संदेश परत मिळवायचे नसून खाते हवे आहे. असे घडल्यास १९३० या हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

न्यायालयात काय टिकते?

मजकूर मिळाला, तरी तो पुरावा म्हणून मांडताना कायद्याची चौकट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात. एक सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला अंगठय़ाच्या ठशासारखा आकडा. फाइलमधील एक अक्षर बदलले, तरी तो बदलतो. प्रमाणपत्राचा हा आग्रह जुन्या कायद्यातही होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंटय़ाल या खटल्यात २०२० मध्ये ठामपणे मांडला होता.

म्हणूनच स्क्रीनशॉट काढताना केवळ मजकुराचा तुकडा घेऊन भागत नाही. चॅटच्या वरचे नाव, त्या नावावर टिचकी मारल्यावर दिसणारा क्रमांक, संदेशाची तारीख व वेळ आणि मुदत चालू केल्याची चॅटमधील ओळ हे सारे त्यात असले, तर प्रत आणि मूळ यांचा सांधा जुळतो. ज्या फोनवर संदेश आला, तो विकू किंवा रीसेट करू नये. दुसऱ्या बाजूने, पुरावा म्हणून सादर करावा लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तो सादर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार गुन्हा आहे. वाद सुरू झाल्यावर घाईने मुदत लावणाऱ्याला ‘ते आपोआप गेले’ एवढे उत्तर पुरेल, असे मानता येत नाही.

मुदत लावणाऱ्याला मग कितपत खात्री बाळगता येते?

आपल्या फोनपुरती बऱ्यापैकी. समोरच्याच्या फोनबाबत मात्र मुदत ही विनंती असते आणि ती पाळायची की नाही, हे तेथले ॲप ठरवते. अमेरिकेतील प्रकरणाचा उत्तरार्ध हेच दाखवतो. ३० एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळ बैठकीतील एका छायाचित्रात वॉल्ट्झ यांच्या फोनचा पडदा दिसला. त्यावर मूळ सिग्नल नव्हते. ‘टेलिमेसेज’ या कंपनीने बदल करून बनवलेली, संदेशांची नक्कल जपून ठेवणारी आवृत्ती होती. अशा आवृत्तीशी बोलणाऱ्याला आपल्या पडद्यावर मुदतीची खूण दिसते, संदेश वेळेवर जातोही, पण त्याची प्रत दुसऱ्या टोकाकडून तिसरीकडे साठवलेली असते. काही दिवसांतच टेलिमेसेजच्या यंत्रणेत हॅकर शिरल्याचे उघड झाले, साठवलेल्या मजकुराचा काही भाग बाहेर गेला आणि कंपनीला सेवा थांबवावी लागली.